काकूंच्या दुकानाचं उघडणं: पंचवीस मिनिटांच्या आशीर्वाद-वाचनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत साधारण दहा बाय बाराचा गाळा. त्यात शिलाईचं दुकान निघायचं होतं: ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल, जुन्या कपड्यांची दुरुस्ती. मालकीण पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना इथे नुसतं काकू म्हणते. पती जाऊन चार वर्षं झालेली. तोवर घरच्या माडीवर शिलाई चालायची. गिऱ्हाईक वाढलं, जिन्यावरून ये-जा करणाऱ्या बायकांना त्रास व्हायला लागला, म्हणून भिशीतले आणि स्वतःच्या खात्यातले पैसे घालून काकूंनी गाळा भाड्याने घेतला. सोबत एक मुसलमान मास्तर. ते कापणीचं काम बघतात, आणि काकूंच्या पतींच्या वेळेपासून घरात त्यांचं येणं-जाणं आहे.

उद्घाटनाला घरची पंधरा-सोळा माणसं येणार होती. पत्रिका नाही, मंडप नाही. मी निवृत्त शिक्षिका, त्याच भागात राहते, आणि ओळखीच्या घरांत असं काही असलं की वाचायला, लिहायला बोलावतात. "बाई, छोटंसं काहीतरी वाचा आणि आशीर्वाद द्या, अर्ध्या तासात आटपू," एवढंच काकूंचं मागणं होतं.

अडचण

अडचण वाचनाची नव्हती, पहिला दिवा कोण लावणार याची होती.

थोरल्या मुलाने सत्यनारायण ठरवून टाकला होता. पूजेला जोडपं बसवतात, म्हणजे तो आणि त्याची बायको बसणार, आणि दुकान जिचं ती आतल्या बाजूला शिऱ्याच्या पातेल्यापाशी. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. रिवाज तसा म्हणून पुढचं सगळं आपोआप तसंच ठरत गेलं. काकूंच्या नणंदेला, म्हणजे मुलांच्या आत्यांना, हे अगदी रास्त वाटत होतं. "शुभकार्यात पहिला हात सवाष्णीचा. आमच्यात दुसरं चालत न्हाई," असं त्यांनी फोनवर सांगितलं. काकू स्वतः गप्प होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी लावला दिवा आणि उद्या धंदा बसला, तर जन्मभर ऐकावं लागेल." नुसता रिवाज म्हणून सोडून देता येईल अशी ही भीती नव्हती. ती व्यवहाराचीच होती.

दुसरा गुंता मास्तरांचा. ते दुकानाचा अर्धा कणा, आणि पूजा चालू असताना ते पायरीवर उभे राहणार हे कुणालाच बरं दिसत नव्हतं. पण त्यांना आत बोलावून हात जोडायला लावणं हेही बरोबर नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सत्यनारायणाचाच. पाच अध्यायांची कथा, चौरंग, केळीचे खुंट, सव्वाच्या मापाचा शिरा. घरच्यांना ओळखीचा, म्हणून कुणाला काही समजावून सांगायला नको. पण दोन मशीनं, कापणीचं टेबल आणि कपाट लागल्यावर गाळ्यात चौरंग मांडायला जागा उरत नव्हती. दीड-दोन तास पंधरा माणसं रस्त्यावर उभी राहणार. शिवाय दिव्याचा प्रश्न जिथल्या तिथे.

दुसरा पर्याय धाकट्या मुलाचा: ओळखीच्या एखाद्या पुढाऱ्याच्या हाताने फीत कापून घ्यायची. म्हणजे भावकीत वादच नको. हे काकूंनी स्वतःच मोडून काढलं. त्यांना फलकावर दुसऱ्याचा फोटो नको होता.

तिसरा पर्याय मामांनी, म्हणजे काकूंच्या भावाने मांडला: गुरुजी नकोत, बाहेरचा पाहुणा नको, घरच्यांनीच वाचायचं, आणि सगळी कृती काकूंच्या हाताने. मामा माळकरी आहेत, पण त्यांच्या आजोबांच्या घरी सत्यशोधक पद्धतीची लग्नं झालेली. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने त्याची शाखा कोल्हापुरात निघाली. तेव्हा भटजीशिवाय विधी ही या गावात काही कालची गोष्ट नाही. सवाष्णीच्या मुद्द्यावर मामांनी आपल्याच जिल्ह्यातलं हेरवाड काढलं. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये ठराव करून नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आत्यांवर याचा परिणाम शून्य झाला. काकूंवर मात्र झाला. ठरावाने आत्यांची समजूत पटणार नव्हतीच, पण "मी एकटीच असं करत नाही" एवढा आधार काकूंना मिळाला.

तिसरा पर्याय ठरला. इथे एक नीट केलं: मजकूर लिहायच्या आधी कृतींची यादी केली आणि प्रत्येक कृतीपुढे माणूस लिहिला. शटर उचलणं, दिवा आणि पहिला टाका काकूंचा. मशीनमध्ये दोरा ओवणं मास्तरांचं. अभंग नववीतल्या नातीने वाचायचा, आशीर्वाद मामांनी, नारळ थोरल्या मुलाने फोडायचा. मास्तरांना काकूंनी आधी एकट्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "मी हात जोडणार नाही, पण उभा राहीन. मशीन मात्र मीच लावणार." एवढं स्पष्ट झाल्यावर त्यांच्याभोवतीचा अवघडलेपणाच संपला.

हळदीकुंकवाचं तबक ठेवायचं की नाही यावर बराच वेळ गेला. ठेवावं तर कुणीतरी सवाष्णींना लावत जाणार आणि काकूंपाशी हात थांबणार. न ठेवावं तर आत्यांना तो अपमान. शेवटी तबक दाराशी ठेवायचं, ज्याने-त्याने आपलं आपण घ्यायचं आणि कुणी कुणाला लावायचं नाही, असं ठरलं.

मुहूर्त

दसऱ्याला करावं असं धाकट्याचं मत होतं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, वेगळा मुहूर्त बघायला नको. पण कोल्हापुरात दसऱ्याला सगळं गाव अंबाबाई आणि दसरा चौकाकडे. सकाळी घरोघरी स्वतःची शस्त्रपूजा आणि नैवेद्य. पाहुणे येतील कुठून? अंबाबाईचा वार म्हणून साधा शुक्रवार धरला. शुक्रवारी राहुकाळ ढोबळ मानाने साडेदहा ते बारा. आत्यांची ही एक अट सगळ्यांनी मान्य केली, कारण तिच्यात कुणाचं काही जात नव्हतं. दहाला सुरू आणि साडेदहाच्या आत शेवट. त्यामुळे कार्यक्रमाची लांबीही आयतीच ठरली.

वाचन कोणतं

पहिलं नाव अर्थातच पसायदानाचं आलं. नऊ ओव्या, सरळ वाचल्या तर दोनेक मिनिटं, आणि 'विश्वात्मकें देवें' म्हटल्याने कुणाच्या देवाला धक्का नाही. तरी ते वाचायला देऊ नका असं मी सांगितलं. ते बहुतेकांना शाळेपासून चालीत पाठ असतं. एकाने वाचायला सुरुवात केली की दुसऱ्या ओळीपासून सगळे गायला लागतात, वाचणारा मागे पडतो आणि मग कुणी कुणासाठी थांबायचं ते कळत नाही. सगळ्यांना येतं ते सगळ्यांनी मिळून शेवटी म्हणावं. वाचायला मात्र असं घ्यावं, जे लोक कान देऊन ऐकतील.

दुकानासाठी तुकोबांचा 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' हा अभंग निवडला. तुकोबा स्वतः वाण्याचा व्यवसाय केलेले, देणं-घेणं आणि दुष्काळात बुडालेला धंदा या सगळ्यातून गेलेले. धन मिळवायला हरकत नाही, पण कशाने मिळवायचं आणि कसं खर्चायचं, असा या अभंगाचा रोख आहे. गल्ल्याच्या शेजारी उभं राहून वाचायला याहून योग्य काही मला तरी माहीत नाही.

अभंगात एक ओळ परस्त्रीला आई-बहीण मानण्याची आहे. मालकीण बाई, तेव्हा ही ओळ पुरुषाच्या तोंडची वाटते, ती गाळून बाकीचं वाचू, असं सुनेने सुचवलं. मामा इथे अडले. अभंग तोडायचा नाही. पहिल्या ओळीपासून 'तुका म्हणे'पर्यंत पुरा वाचायचा, नाहीतर त्यातली एकच ओळ उच्चारून थांबायचं. मधलं काढून टाकून शेवटी तुकोबांची मुद्रा लावणं म्हणजे त्यांनी न म्हटलेलं त्यांच्या नावावर खपवणं. मला हे पटलं. शिवाय मास्तर आणि काकू रोज परक्या बायकांची मापं घेणार. त्या ओळीला या दुकानात जागा आहेच. पुरा अभंग मिनिटभरात होतो, मग कात्री कशाला?

एक वाक्य मात्र आधी सांगायला लावलं. अभंगात धन 'उदास विचारें' खर्चायला सांगितलंय. आजच्या कानाला ते खिन्नपणे खर्च करा असं ऐकू येतं आणि ऐन उद्घाटनात माणसं एकमेकांकडे बघतात. अर्थ आहे आसक्ती न ठेवता. हे नातीने वाचण्याआधी एका दमात सांगायचं, प्रवचन करायचं नाही.

आशीर्वाद कसा लिहिला

पहिला खर्डा थोरल्या मुलाने आणला. 'या दालनाची उत्तरोत्तर भरभराट होवो, यशाची शिखरे पादाक्रांत होवोत.' चौकातल्या फ्लेक्सवरचा मजकूर. तो सोन्याच्या पेढीला चालतो, पिठाच्या गिरणीलाही चालतो, म्हणून तो कुणाचाच नव्हता. मी काकूंना आणि मास्तरांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं: या धंद्यात भांडण कशावरून होतं? उत्तरं पटापट आली. माप चुकणं, उरलेलं कापड परत न देणं, सणाच्या तोंडावर तारीख न पाळणं, उधारी, शिकाऊ मुलींचे पैसे थकवणं. आशीर्वादाच्या ओळी तिथूनच निघाल्या.

खरी चर्चा झाली ती काकांच्या उल्लेखावर. नाव घ्या, नाहीतर मी येणार नाही, असं आत्यांनी कळवलं. धाकट्याला नको होतं, आई रडेल म्हणून. नाव घ्यायचं ठरलं, पण पहिल्या ओळीत नाही आणि शेवटीही नाही. सुरुवातीला घेतलं तर पुढचं कुणी ऐकत नाही, शेवटी घेतलं तर माणसं त्याच मनाने पांगतात. शेवटून दुसऱ्या ओळीत घेतलं. तिच्यामागे एक साधी ओळ ठेवली, म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज सावरायला जागा राहते. अंतिम मजकूर असा:

> ज्या हातांनी हे दार उघडलं, त्या हातांत बळ राहो.
> इथल्या कात्रीला धार राहो, आणि माप चुकू नये.
> ज्याचं कापड त्याला पुरं परत मिळो, उरलेल्या चिंधीसकट.
> दिलेली तारीख पाळली जावो. सणाच्या तोंडावर कुणाला हेलपाटा न पडो.
> इथे शिकायला येणाऱ्या मुलीच्या हाताला काम मिळो, आणि कामाचे पैसे वेळेवर मिळोत.
> उधारी थोडी राहो, आणि तिच्यापायी कुणाचा चारचौघांत अपमान न होवो.
> आज जे आपल्यात नाहीत, त्या (नाव) यांची आठवण या कामात राहो.
> गल्लीला दुकानाचा आणि दुकानाला गल्लीचा आधार असो.

प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी 'तसंच होवो' म्हणायचं. देवाचं नाव मजकुरात मुद्दाम घातलं नाही. अंबाबाईची तसबीर फळीवर होती, दिवा तिच्यापुढेच लागणार होता, तेवढं काकूंना पुरेसं होतं.

त्या सकाळी

पेढे उशिरा आले म्हणून सुरुवात दहा वाजून पाच मिनिटांनी झाली. काकूंनी कुलूप काढलं, शटर उचललं. नवं शटर जड होतं, अर्ध्यावर अडलं, आणि थोरला पुढे झाला. काकू म्हणाल्या, "थांब रं." दुसऱ्या हिसक्यात ते वर गेलं.

मोठी समई आणली होती, पण जमिनीवर समई, आजूबाजूला साड्या आणि वर पंखा, हे जमणारं नव्हतं. तसबिरीपुढे काचेची चिमणी असलेला छोटा दिवा ठेवला. काकूंनी तो लावला तेव्हा आत्या बाहेर पायरीवर होत्या. अभंग सुरू झाला तशा त्या आत आल्या.

नातीने अभंग फोनवरून न वाचता छापील कागदावरून वाचला, मोठ्या अक्षरांत. रस्त्यावरून रिक्षा गेली की ती थांबायची, मग पुढची ओळ. हे तिला घरी शिकवून ठेवलं होतं.

मामांच्या पहिल्या ओळीनंतर शांतता. 'तसंच होवो' कुणीच म्हणालं नाही, कारण ते म्हणायचं आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं. मी आणि सून मोठ्याने म्हणालो, तिसऱ्या ओळीपासून सगळे जुळले. चिंधीच्या ओळीला हशा पिकला. काकांच्या नावाला काकू आणि आत्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मामा थबकले, पण शेवटची ओळ तोंडपाठ होती म्हणून निभावलं.

मास्तरांनी सुईत दोरा ओवला, बॉबिन बसवली, आणि काकूंनी पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर सरळ टीप मारली. मग पसायदान. ते मास्तरांनाही शाळेपासून पाठ होतं. नारळ उंबऱ्यावर फोडायचा नाही असं आधीच ठरलं होतं. नवी फरशी तडकते, आणि पाणी मशीनच्या मोटरीवर किंवा कापडावर उडतं. बाहेर दगड ठेवून फोडला. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. साडेदहाच्या आत नारळ फुटला होता.

खटकलं एकच. शेजारच्या एक बाई, ज्यांना तबकाचं ठरलेलं माहीत नव्हतं, त्यांनी कुंकवाची वाटी उचलून सगळ्यांना लावायला सुरुवात केली आणि काकूंपाशी आल्यावर हात तसाच राहिला. दोन क्षण कुणी काही बोललं नाही. काकूंनी स्वतःच हळदीच्या वाटीत बोट घालून टिळा लावून घेतला आणि त्या बाईंना विचारलं, "तुमचं ब्लाउजपीस आणलंय का?" तीच त्या दिवसाची भवानी.

निष्पत्ती

आत्यांचं मत बदललं नाही. पेढा घेतला, चहाला थांबल्या नाहीत. पण भावाचं नाव सगळ्यांसमोर घेतलं गेलं हे त्या नंतर इतरांना सांगत होत्या, आणि येणं-जाणं तुटलं नाही. माझ्या मते या घरात याहून जास्त अपेक्षा करणं हट्टाचं झालं असतं. थोरल्या मुलाने सत्यनारायण पुढे घरी केला, जोडीने. त्यालाही कुणी आडकाठी केली नाही.

मजकुराचा कागद काकूंनी लॅमिनेट करून मापाच्या वहीच्या कपाटाला आतून लावला. चिंधी परत देण्याची ओळ गिऱ्हाइकांनी लक्षात ठेवली आहे आणि ती बोलून दाखवतात, त्यामुळे मास्तरांना आता प्रत्येक पिशवीत उरलेलं कापड घालावंच लागतं. आशीर्वाद जाहीरपणे वाचला की त्यातल्या ओळी वचनासारख्या अंगावर येतात. म्हणून लिहिताना मालकाला विचारावं: हे तुम्हाला खरंच पाळता येईल का? तारखेची ओळ काकूंना दिवाळीत जड गेली.

पुन्हा करायचं तर

आत्यांना ठरलेलं सगळं फक्त दोन दिवस आधी, व्हॉट्सॲपवरून कळलं. विरोध होणारच होता, पण निरोप काकूंनी किंवा मामांनी समोर बसून दिला असता तर नावाची अट धमकीसारखी आली नसती. ती मागणी मुळात चांगली होती, आणि मजकुरात ती आधीपासून असायला हवी होती.

'तसंच होवो' हे सुरुवातीला एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्यावं. दहा सेकंदांचं काम.

तबक ठेवायचं असेल तर त्याच्यापाशी घरातली एक मुलगी उभी करावी, तिने येणाऱ्याला "आपलं आपण घ्या" म्हणावं. नुसतं आपसात ठरवून भागत नाही, कारण शेजारच्या माणसांचे हात सवयीने चालतात.

हाच मजकूर पुढे काकूंच्या भाच्याने कळंब्याकडच्या नव्या फ्लॅटसाठी मागून नेला. घरासाठी कात्री, कापड, तारीख आणि उधारीच्या ओळी काढल्या. त्याच प्रश्नाने, म्हणजे या घरात भांडण कशावरून होईल, नव्या ओळी आल्या: पाण्याची वेळ, कर्जाचा हप्ता, आईवडिलांची खोली, जिन्यातल्या चपला. पहिली ओळ आणि नावाची ओळ तशीच ठेवली. दिवा तिथे भाच्याच्या आजीने लावला आणि दार मात्र भाच्याच्या बायकोने उघडलं, कारण हप्त्यात तिचाही पगार जातो.